कॅमेऱ्याची पावती खिशात ठेवा

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या वाचनालयानं नव्या पोरांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. हॉल म्हणजे काय, तीन भिंती मोकळ्या, चौथीला पुस्तकांची कपाटं. जागा बारा जणांपुरती. आले एकतीस. प्रत्येकाकडून वीस फोटो मागितले होते आणि अर्धं पान, स्वतःबद्दल. निवडायला मला बसवलं. का, तर मी तीस वर्षं लग्नाचे, बारशाचे, मयताचे आणि मोर्चाचे फोटो काढत आलोय, आणि दुपारी मला दुसरा धंदा नसतो.

फोटो बघितले. जीव सुखावला. साली काय नजर आहे पोरांची! मग ती अर्धी पानं वाचायला घेतली आणि डोकं फिरलं.

एकतीसपैकी बावीस जणांनी सुरुवातच कॅमेऱ्यापासून केलेली. बॉडी कुठली, लेन्सा किती, ट्रायपॉड कुठला, फ्लॅश कुठला, ड्रोन आहे की नाही, एडिटिंग कशात. एकानं तर बॅगेचं नाव लिहिलं होतं. बॅगेचं! मी म्हटलं, हे कलावंताचं ओळखपत्र आहे की दुकानाचा स्टॉक मोजलाय?

त्यातलं एक पान इथं जसंच्या तसं देतो. पोराला विचारून देतोय, नाव मात्र देत नाही. पान असं :

'मी फ्रीलान्स फोटोग्राफर. माझ्याकडे कॅनन १५००डी, १८-५५ किट लेन्स, ५० एमएम १.८ लेन्स, ट्रायपॉड व दोन बॅटऱ्या आहेत. लाइटरूम व फोटोशॉप येते. फोटोग्राफी हा माझा श्वास आहे. प्रकाश आणि सावलीतून मानवी भावना टिपणे व मुक्या माणसांना आवाज देणे हे माझे ध्येय आहे.'

आता ह्या पोराचे फोटो कसले, ते ऐका. कामगार नाक्याचे. सकाळी साडेसहाला गवंडी, बिगारी, रंगारी, प्लंबर जिथं येऊन उभे राहतात आणि ठेकेदार येऊन 'दोन माणसं पाहिजेत' म्हणतो, तो नाका. पानात नाका कुठं आहे? नाही. गवंडी कुठं आहे? नाही. दोन बॅटऱ्या आहेत.

वाचणारा कोण असतो ह्याचा विचार करा. प्रदर्शन लावणारा, वर्तमानपत्रात फोटो निवडणारा, फेलोशिपच्या अर्जांचा गठ्ठा घेऊन बसलेला परीक्षक, आणि रविवारी सहज आत शिरलेली एखादी बाई. ह्या सगळ्यांना एकच सवाल पडलेला असतो : हा माणूस कशाकडं बघतो, आणि तिथंच का बघतो? १५००डी हे त्याचं उत्तर नाही. तोच कॅमेरा घेऊन त्याच गावात शंभर पोरं फिरतात, कुणी मोर काढतं, कुणी मांजर. शिवाय कॅमेरा, लेन्स, शटर किती होतं, हे सगळं फोटोच्या फाइलीतच आपोआप नोंदलेलं असतं. एक्झिफ म्हणतात त्याला. ज्याला पाहिजे तो उघडून बघेल. कशाकडं बघायचं ते का ठरवलं, हे मात्र कुठल्याच फाइलीत नोंदलेलं नसतं. ते माणसालाच सांगावं लागतं.

आणि मॉडेल म्हातारी होतात. सेबास्तियाओ सालगादो घ्या. ब्राझीलचा, १९४४चा जन्म, २०२५च्या मे महिन्यात गेला. शिकला अर्थशास्त्र, नोकरी केली लंडनमध्ये, आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत, आणि पहिला कॅमेरा हातात घेतला तो बायकोचा. १९७३मध्ये नोकरी सोडून फोटोग्राफर झाला. पुढं वर्षानुवर्षं तो लायका वापरत होता. नंतर पेंटॅक्सचा मोठ्या फिल्मचा कॅमेरा आला, २००८च्या सुमारास कॅननचा डिजिटल. तीन वेळा हत्यार बदललं. ओळखपत्रात हत्यारं लिहिली असती तर तीन वेळा खोडावं लागलं असतं. पण त्याची ओळख करून देताना लोक अर्थशास्त्राचं शिक्षण सांगतात, कॉफीची नोकरी सांगतात, मग श्रम आणि स्थलांतर हे त्याचे विषय सांगतात. १९८६ साली सेरा पेलाडाच्या सोन्याच्या खाणीत शिडीवरून मातीची पोती वाहणारी हजारो माणसं त्यानं टिपली, ती का टिपली, हे त्या एका नोकरीवरून कळतं. कॉफी कोण पिकवतो आणि पैसा कुठं जातो, हे ज्यानं कागदावर बघितलं होतं, तो नंतर पोतं वाहणाऱ्या पाठीकडं बघायला गेला. ओळख म्हणतात ती ही.

गॉर्डन पार्क्स आपल्या जास्त जवळचा. अमेरिकेतला काळा माणूस, १९१२चा, कॅन्ससचा, पंधरा भावंडांतला शेंडेफळ. रेल्वेच्या डब्यात वेटर होता. प्रवाशानं टाकून दिलेल्या मासिकात त्यानं स्थलांतरित मजुरांचे फोटो बघितले आणि सिअॅटलमध्ये गहाणवट्याच्या दुकानातून एक वापरलेला कॅमेरा घेतला. १९६६च्या आत्मकथेचं नावच त्यानं हत्यारांच्या निवडीवर ठेवलं. आता कोणी म्हणेल, बघा, तोसुद्धा हत्यारच म्हणतो की! म्हणतो. पण त्याला सांगायचं असतं ते हत्यार कुणावर उगारलं ते, दारिद्र्यावर आणि वर्णद्वेषावर. १९४२मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीत फरशी पुसणाऱ्या एला वॉटसनला त्यानं अमेरिकन झेंड्यासमोर उभं केलं, एका बाजूला झाडू, एका बाजूला मॉप. त्याआधी तो तिच्याशी बोलत बसला होता. नंतर तिच्या घरी गेला, नातवंडांत बसला, चर्चमध्ये गेला. आज त्या फोटोपुढं उभा राहणारा 'कॅमेरा कुठला' असं विचारत नाही.

असो. मी त्या नाकेवाल्या पोराला बोलावून घेतलं.

आला. बावीस-तेवीस वर्षांचा. मी म्हटलं, 'बाबा, दोन बॅटऱ्या का लिहिल्यास?' आधी गप्प. मग म्हणाला, 'दादा, लिहिलं नाय तर लोकांना वाटतं कॅमेरा आपला नाय.'

मी थांबलो.

त्यानं पाकिटातून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढला. कॅमेऱ्याची पावती. चौदा हप्त्यांनी घेतलाय, म्हणाला. दोनदा स्टेशनावर अडवलं, 'कुणाचा उचलला रे?' तेव्हापासून पावती खिशात असते. एकदा एका लग्नात नवऱ्यामुलाच्या मामानं विचारलं, भाड्याचा का? म्हणून तो जिथं म्हणून आपलं नाव लिहितो तिथं पुढं कॅमेऱ्याचं नाव लिहितो.

तर दोस्तांनो, मघाशी मी 'दुकानाचा स्टॉक' म्हणून हसलो ना, ते मागं घेतो. बंगल्यातलं पोरगं लेन्सांची यादी लावतं ती मिरवायला. आपलं पोरगं लावतं ती जामीन म्हणून. दोन यादी सारख्या दिसतात, पण सारख्या नाहीत. तरीसुद्धा मी त्याला म्हटलं, ही पावती तुझ्या खिशातच राहू दे. भिंतीवर लावलीस तर जो तुझ्यावर संशय घेणारच आहे त्याला तू आधीच सलाम ठोकलास. अन् ज्याला संशय नव्हता त्याला तुझे फोटो सोडून तुझा हप्ता दिसला.

मग आम्ही कामाला लागलो. हे काम कसं केलं ते नीट सांगतो, कारण 'दृष्टी लिही, विषय लिही' असं नुसतं म्हणून काही होत नाही. पोरं मग 'मुक्यांना आवाज' लिहितात.

पहिल्यांदा वीसही फोटो पोस्टकार्डाएवढे छापून आणले आणि जमिनीवर पसरले. मोबाइलवर नाही. मोबाइलवर एका वेळी एकच फोटो दिसतो, आणि एक फोटो फार तर एक गोष्ट सांगतो. वीस एकदम समोर पडले की आपली खोड दिसते. खोड म्हणजेच दृष्टी. आपण परत परत कुठं वळतो, ते आपल्याला माहीत नसतं.

मग म्हटलं, प्रत्येक फोटोमागं पेन्सिलीनं एक वाक्य लिही. कोण आहे, आणि काय करतोय. भावना नको, विशेषण नको. त्यानं लिहिलं : गवंडी भिंतीला टेकून उभा. दोन बायका डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. रंगारी ब्रश उलटा धरून रस्त्याकडं बघतोय. म्हातारा थापी फडक्यात गुंडाळतोय. असं वीसदा. लिहून झाल्यावर क्रियापदं मोठ्यानं वाचायला लावली. उभा. बसली. बघतोय. टेकलाय. गुंडाळतोय. परत उभा.

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. 'दादा, काम कोणीच करत नाय.'

नाहीच! वीस फोटोत एक वीट कोणी उचलत नाही. त्याला वाटत होतं तो श्रमाचे फोटो काढतो. तो काढत होता वाट बघण्याचे. अकरा फोटोत तर चेहराच नाही, नुसते हात, पाय, डबे, हत्यारं. एक सोडून सगळे फोटो सकाळी नऊच्या आतले. नऊनंतर ज्याला कोणी नेलं नाही त्याचा दिवस बुडाला, तो घरी जातो. तो विसावा फोटो बरोबर त्याचाच होता, दहा वाजता मोकळ्या नाक्यावर पडलेली विटेची बैठक.

मी विचारलं, ठेकेदार का नाही एकाही फोटोत? भाव ठरतो तीच तर खरी घडी. तो म्हणाला, 'सुरुवातीला काढला होता. ठेकेदारानं कॅमेरा बघितला, त्याला वाटलं मी पेपरवाला नायतर युनियनवाला. गाडी फिरवून गेला निघून. चार माणसांचा रोज गेला. तेव्हापासून ठेकेदार आला की मी कॅमेरा खाली घेतो.'

हे तू लिहिलं का नाहीस, म्हटलं. हे सोडून 'प्रकाश आणि सावली' लिहिलंस!

काय काढायचं नाही हे ज्यानं ठरवलंय, त्याचं बघणं पक्कं झालेलं असतं. आणि वाचणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो. नाहीतर भिंतीसमोर उभा राहून तो म्हणेल, सौदा दिसत नाही, पोराला विषय कळला नाही.

आता उरलेल्या शब्दांचं काय करायचं? 'फोटोग्राफी माझा श्वास' ह्याला मी एकच कसोटी लावतो. पानावरचं नाव झाका आणि तिथं दुसऱ्या कुठल्याही फोटोग्राफरचं नाव घाला. मोर काढणाऱ्याचं घाला, दागिन्यांच्या जाहिराती काढणाऱ्याचं घाला. वाक्य तसंच खरं राहिलं तर ते वाक्य तुमचं नाही, काढून टाका. 'श्वास' गेला. 'प्रकाश-सावली' गेली. त्याशिवाय कुणाचाच फोटो निघत नाही. यादी काढून तिथं असली धुकट वाक्यं भरली तर मी म्हणेन यादीच बरी होती, निदान ती खरी तरी होती.

'मुक्या माणसांना आवाज' ह्यावर थोडं भांडण झालं. पोरगं म्हणालं, सगळे असंच लिहितात. म्हटलं, सकाळी सातला तुझ्या नाक्यावर जाऊन सांग बरं, तुम्ही मुके आहात म्हणून. तिथं भावावरून जो आरडाओरडा चालतो तो ऐकलायस ना? ते मुके नाहीत. ऐकणारा बहिरा आहे. हे वाक्य तुझ्या माणसांवर अन्याय करतं आणि तुला उगाच मोठा करतं. गेलं तेही.

मग एक अवघड गोष्ट निघाली. मी सहज विचारलं, हाच नाका का? तो बराच वेळ बोटं मोडत बसला आणि म्हणाला, 'आमचे पप्पा तिथंच उभे राहतात.' फोटोंत आहेत ते, ब्रशवाल्याच्या मागं, पाठमोरे. हे लिहायचं की नाही? लिहिलं तर लोक 'बिचारा' म्हणतील, फोटो बघायच्या आधीच डोळे ओले करतील. नाही लिहिलं तर लबाडी, कारण हा लांबून लेन्स लावणारा पाहुणा नव्हे, पाच हातांवर उभा राहणारा घरचा माणूस आहे. त्या पन्नासच्या लेन्सनं माणसाचे हात एवढे मोठे काढायचे तर जवळच जावं लागतं, आणि इतक्या जवळ त्याला का उभं राहू देतात, त्याचं कारण बाप आहे. मी म्हटलं, एका वाक्यात लिही. सरळ. कष्ट, गरिबी, संघर्ष असले शब्द शेजारी नकोत. वाक्य शेवटी टाक, तिकीट म्हणून दारात नको.

तासाभरानं पान असं झालं :

'मी कामगार नाक्यावर वाट बघणाऱ्या माणसांचे फोटो काढतो. तीन वर्षं एकाच नाक्यावर जातो, सकाळी साडेसहा ते नऊ. नऊनंतर ज्यांना काम मिळत नाही ते घरी जातात. माझ्या फोटोंत काम दिसत नाही, कामाच्या आधीचे तास दिसतात : हात, डबे, गुंडाळलेली हत्यारं. ठेकेदार येतो तेव्हा मी कॅमेरा खाली ठेवतो, कारण एकदा माझ्यामुळे चौघांचा रोज बुडाला. ह्या नाक्यावर माझे वडील रोजंदारी मजूर म्हणून उभे राहतात. लग्नसमारंभाचे फोटो काढून मी पोट भरतो.'

शेवटचं वाक्य त्याला लाजिरवाणं वाटत होतं, मी ठेवायला लावलं. पोट कशावर भरतं हे लपवायचं कारण नाही, आणि वाचणाऱ्यातल्या एखाद्याकडं लग्नही असतं! लग्नाचं काम देणारा लेन्सा विचारतो, फ्लॅश विचारतो, दुसरी बॉडी आहे का विचारतो, आणि त्याचं विचारणं रास्त आहे, कारण ऐन अक्षतांच्या वेळी कॅमेरा बंद पडला तर तो मेला. त्याच्यासाठी वेगळा कागद ठेवायचा, त्यावर दोन बॅटऱ्याही आल्या पाहिजेत. फोटोखालच्या पट्टीवर छपाईचा आकार आणि साल यायचं. सगळ्या कागदांवर सगळं लिहायचं नसतं.

एक अपवाद मला मान्य आहे. यंत्रामुळं माणसांशी असलेलं नातंच बदलत असेल तर यंत्र सांगावं लागतं. वॉकर इव्हान्सनं १९३८ ते १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोर बसलेल्यांचे फोटो काढले. छोटा कॉन्टॅक्स कोटाच्या आत लपवलेला, लेन्स दोन गुंड्यांमधून बाहेर बघतेय, बटण दाबायची तार बाहीतून हातात. पुस्तक निघालं १९६६मध्ये. इथं कोटातला कॅमेरा सांगितला नाही तर फोटोच अर्धा कळतो, कारण ती माणसं कुणासाठीच चेहरा लावून बसलेली नव्हती. पण त्यातही महत्त्व कोटाला आहे, मॉडेलला नाही. आमच्या एकतीसमधल्या एका पोरीनं पत्र्याच्या डब्याला भोक पाडून फोटो काढलेत, एकेका फोटोला दोन-तीन मिनिटं माणसाला हलू न देता. तिनं डबा लिहिला, मी राहू दिला. डब्यामुळंच तिच्या फोटोतले लोक असे दगडासारखे दिसतात.

पान छापायला देण्याआधी मी पोराला म्हटलं, घरी वाचून दाखव. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यासमोर वाचताना जीभ जिथं अडखळते तिथं खोटं असतं. तो वाचून दाखवून दुसऱ्या दिवशी आला तो बापालाच घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, हातात टोपी. उभाच राहिला. म्हणाला, 'सगळं बराबर हाय. फकस्त ते मजूर काढा. मी गवंडी हाय. ओळंबा लावतो मी. बिगारी येगळा, गवंडी येगळा, रोजात पन फरक हाय.'

पोराचा चेहरा उतरला. तीन वर्षं फोटो काढतोय आणि बापाचा हुद्दा चुकला.

मग आम्ही फोटोखालच्या पट्ट्याही परत उघडल्या. तिथं 'नाक्यावरचा कामगार', 'म्हातारा', 'दोन स्त्रिया' असं होतं. सुसान सॉन्टॅगनं २००३च्या पुस्तकात सालगादोवर हाच आक्षेप घेतला होता, की पट्टीवर ह्या पिचलेल्या माणसांची नावं नाहीत, आणि नाव फक्त प्रसिद्धांनाच द्यायचं तर बाकीचे नुसते नमुने होऊन बसतात. आक्षेप मला तेव्हाही पटला होता, तरी पोरांच्या पट्ट्या तपासताना माझ्याही लक्षात आला नव्हता. बाप बोलला तेव्हा आला.

पोरगं दोन सकाळी नाक्यावर जाऊन विचारून आलं. बारा फोटो लावायचे होते. नऊ जणांनी नाव आणि काम दोन्ही सांगितलं, एकानं आडनावासकट मोठ्या अक्षरात घाला म्हणून बजावलं. तिघांनी नको म्हटलं. गावाकडं त्यांनी सांगितलंय की मुंबईत कायमची नोकरी आहे. त्या तिघांच्या पट्टीवर आम्ही फक्त काम लिहिलं, रंगारी, प्लंबर, बिगारी, आणि चेहरा ओळखू येणारा एक फोटो बदलून त्याच माणसाच्या हातांचा लावला. पानावर 'रोजंदारी मजूर' खोडून 'गवंडी' केलं, आणि संध्याकाळी छपाईवाल्याकडं नेलं.